थकलेला मेंटेनन्स : वसुलीच्या दाखल्याआधी खातेउतारा नीट करा

एक सभासद गच्चीच्या गळतीचे कारण सांगून दोन वर्षे मेंटेनन्स भरत नाहीत. त्यांचे पाणी तोडता येईल का?
*सचिव, जळगाव*

पाणी तोडू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचे काय मोल असते, ते आपण जाणताच. शिवाय अशी कृती संस्थेच्याच अंगाशी येते. गळतीची तक्रार खरी असली तरी तेवढ्यावरून सभासदाला मेंटेनन्स अडवून धरता येत नाही. मात्र तिला लेखी उत्तर द्या आणि दुरुस्तीचे काय ठरले तेही कळवा. बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो. त्यानंतर समितीचा ठराव करून, मागणीची नोटीस पोचपावतीसह देऊन, सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडे वसुलीच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. अर्जासोबत बिले, नोटिसा, ठराव आणि खातेउतारा जोडावा.

व्याज कसे लावायचे? आमच्या हिशेबावर त्यांचा आक्षेप आहे.
*खजिनदार, भुसावळ*

तुमचा पाठवलेला उतारा मी पाहिला. आक्षेप योग्य आहे. दरमहा 1,200 रुपयांप्रमाणे 24 महिन्यांची मुद्दल 28,800 रुपये होते, हे बरोबर. पण तुम्ही या सगळ्या रकमेवर पूर्ण दोन वर्षांचे 18 टक्के व्याज लावून 10,368 रुपये मागितले आहेत. शेवटच्या महिन्याचे बिल दोन वर्षे थकलेले नसते, हे त्यात सुटले. प्रत्येक बिलाचे व्याज त्याच्या मुदतीपासून मोजायचे. महिनाअखेरीस मुदत धरली, तर चोविसाव्या महिन्याच्या अखेरीस पहिले बिल 23 महिने थकलेले असते, दुसरे 22, आणि शेवटचे शून्य. ही बेरीज 276 महिने येते. दरमहा 18 रुपयांप्रमाणे व्याज 4,968 रुपये, म्हणजे एकूण येणे 33,768 रुपये. व्याज सरळच असावे, चक्रवाढ नको, आणि दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला, आपल्या उपविधींच्या मर्यादेत असावा. फुगवलेला आकडा निबंधकांपुढे गेला की वाद मेंटेनन्सचा न राहता हिशेबाचा होतो आणि सुनावण्या लांबतात.

दाखला मिळूनही पैसे आले नाहीत तर?
*अध्यक्ष, धुळे*

दाखल्यावरील रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. दाखला वसुली अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो आधी मागणीची नोटीस बजावतो आणि मग नियम 107 प्रमाणे जप्ती व विक्री करू शकतो. समितीने स्वतः कुलूप लावू नये किंवा सामान उचलू नये. मधल्या काळात सभासदाने भरलेली रक्कम नाकारू नका; पावती द्या, ती खात्यात जमा दाखवा आणि वसुली अधिकाऱ्याला उरलेली रक्कम लेखी कळवा.