दोन सेकंदांत नाव वाचून दाखवा

स्वतःच्या खर्चानं कादंबरी काढणारे लेखक हल्ली ट्रेलरची संहिता लिहून माझ्याकडे तपासायला पाठवतात. मी पेशानं संकलक, साहित्याचा समीक्षक नव्हे. तरी दहातल्या आठ संहितांत चूक एकच असते: कादंबरीचं नाव वाचून होण्याआधीच पडद्यावरून जातं. त्यामुळे या वेळचे प्रश्न एकत्रच घेतले.

मलपृष्ठावरचा मजकूर व्हॉइसओव्हर म्हणून वाचला तर चालेल का?

नाही. तो डोळ्यांनी वाचायला लिहिलेला असतो, कानाला नाही.

ट्रेलर किती लांबीचा असावा? सिनेमाचे तर अडीच मिनिटांचे असतात.

६० सेकंद. अगदीच हात आवरत नसेल तर ९०. सिनेमाकडे दाखवायला दोन तासांचं चित्रण आणि ओळखीचे चेहरे असतात, तुमच्याकडे एक मुखपृष्ठ आणि पाच-सात शॉट.

माझी संहिता ९० सेकंदांची आहे. १९० शब्दांचा व्हॉइसओव्हर, चौदा कार्डं. मित्र म्हणतात दमदार आहे, पण जोडून पाहिलं तर काहीच लक्षात राहत नाही. असं का?

मित्रांनी कागद वाचला, ट्रेलर पाहिला नाही. ठहरावानं बोललेल्या मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. म्हणजे १९० शब्दांना ९५ सेकंद, तेही मध्ये श्वास न घेता. शिवाय चौदा कार्डं. एक आवाज काहीतरी सांगतोय आणि त्याच वेळी पडद्यावर दुसरं काहीतरी लिहून येतंय, असं झालं की बघणारा ऐकतो तरी किंवा वाचतो तरी. बहुतेक वेळा दोन्ही सोडून देतो.

तुमची कथा मला आवडली, म्हणूनच तिच्यावर हात चालवतो. एक बाई बेपत्ता नवऱ्याच्या जुन्या पत्त्यावर बारा वर्षं रजिस्टर पत्रं पाठवतेय, सगळी परत येतात, आणि एके दिवशी सही केलेली पोचपावती हातात पडते. तुमच्या व्हॉइसओव्हरमध्ये तिचं बालपण, लग्न, सासू, गाव, पोस्टमास्तर आणि 'नियतीचा अनाकलनीय खेळ' सगळं आहे. खेळ बाजूला ठेवा. हा ६० सेकंदांचा आराखडा बघा, 'तिसरी सही' हे तुमचंच नाव ठेवलंय:

०–४: काळा पडदा. पोस्टाच्या काउंटरवर पत्र पडल्याचा आवाज. मग काउंटरवरून मागे येणारा हात.
४–१२: परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा. आवाज (निवेदक): 'बारा वर्षं. दर महिन्याला एक पत्र. प्रत्येक पत्र परत.'
१२–२०: शिक्के मारल्याचा ठोका, एकसारखा. तो थांबतो. कार्ड: 'मग एक पत्र परत आलंच नाही.'
२०–३०: टेबलावर एक कागद. आवाज: 'या वेळी पोचपावती आली. तिच्यावर सही होती.'
३०–४०: शब्द नाहीत. चार शॉट: ४ सेकंद, ३, २, १.
४०–४५: सहीचा क्लोजअप. आवाज, आता तिचा स्वतःचा: 'ज्याला मी स्वतःच्या हातांनी…'
४५–४७: काळा पडदा, पूर्ण शांतता.
४७–५२: नाव.
५२–६०: मुखपृष्ठ, लेखिकेचं नाव, पुस्तक कुठे मिळेल. खाली पुन्हा पत्र पडल्याचा आवाज.

व्हॉइसओव्हरचे शब्द वीस. १९० मधून वीस. मधलं कार्ड आलं तेव्हा निवेदक गप्प आहे, हे पाहिलंत का? ठोके थांबल्यावरच ते येतं, म्हणून डोळा मोकळा असतो. आणि 'प्रत्येक पत्र परत' नंतर गोष्ट उलटते ती कार्डावर. आवाजानं बारा वर्षं एक लय बसवली आणि लिखित ओळीनं ती मोडली. बीट म्हणतात ते हेच: बघणाऱ्याला जे माहीत होतं त्यात एक फरक पडतो. नवीन माहिती मिळाली पण काही फिरलं नाही, तर तो बीट नव्हे, नुसता शॉट. तुमच्या संहितेतले सासूचे तीन शॉट याच कारणानं गेले.

चाळिसाव्या सेकंदाच्या ओळीकडे जरा नीट बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ही ट्रेलर लिहिणाऱ्याला मिळालेली फुकटची देणगी आहे आणि कोणी वापरत नाही! कर्ता, कर्म, साधन सगळं सांगून झालं तरी झालं काय हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तो शब्द कापा. 'पुरलं' म्हणालात की दोन सेकंदांची शांतता नुसती रिकामी जागा होते. न म्हणता थांबलात तर ती शांतता बघणारा स्वतः भरतो. मात्र अर्धं वाक्य नटीनं अर्धंच वाचलं तर आवाज आधीच खाली येतो आणि फसवणूक ऐकू येते. पूर्ण वाक्य बोलून घ्या, कट संकलनाच्या टेबलावर करा.

तुमच्याच पत्रानुसार हा उलगडा दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी होतो, म्हणून इतकं सूचित करायला हरकत नाही. पहिल्या चतुर्थांशाच्या पलीकडचं काहीही ट्रेलरमध्ये नको.

चित्रणाआधी सगळा व्हॉइसओव्हर स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करा, काळ्या पडद्यावर कार्डांसह मांडा आणि बघा. इथं जे कंटाळवाणं आहे ते चित्रं आल्यावर सुधारत नाही. मग ही कच्ची जोडणी एखाद्या संकलकाला तासभर दाखवा. माझ्या आराखड्यावर डोळे झाकून विसंबू नका, मी तुमची कादंबरी वाचलेली नाही.

नावाचं कार्ड किती वेळ ठेवायचं? माझा एडिटर म्हणतो दोन सेकंद पुरे, जास्त ठेवलं तर वेग मरतो.

या एका वाक्यानं मी किती ट्रेलर वाया गेलेले पाहिलेत! २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बारा फ्रेमचा फेड-इन आणि बाराचा फेड-आउट धरा. दोन सेकंदांतला एक गेला. उरलेल्या एका सेकंदात अनोळखी माणसानं अनोळखी लेखकाचं अनोळखी नाव वाचायचं. तुम्हाला आणि एडिटरला ते वाचता येतं, कारण तुम्ही ते शंभरदा वाचलंय. तुम्ही दोघंही या परीक्षेला अपात्र आहात.

त्यात देवनागरी. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. छोट्या पडद्यावर जाड, सजवलेल्या फॉन्टमध्ये 'र्क' आणि 'क' यांतला फरक हरवतो. नाव दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. लॅटिन लिपीसाठी बेतलेला टेम्प्लेट वापरला की हे हमखास होतं, ओळींमधलं अंतर हातानं वाढवावं लागतं.

माझा हिशोब सोपा आहे. कार्डावरचा मजकूर मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचा, तेवढा वेळ ते पूर्ण उजेडात हवं. फेड त्यात धरायचे नाहीत. दोन शब्दांच्या नावालाही मी फेडसकट पाचच्या खाली जात नाही, आणि शेवटच्या कार्डाला आठ. नावावर व्हॉइसओव्हर ठेवायचाच असेल तर आवाजानं तेच नाव उच्चारावं, दुसरं काही नाही. संगीताचा मोठा ठोका नावाच्या पहिल्या फ्रेमवर पडू द्या किंवा पूर्ण शांतता ठेवा. ठोका आधी आणि नाव सेकंदानं नंतर आलं, तर पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण खटकते.

वेग मरतो म्हणे. वेग आधीच्या दहा सेकंदांत असतो. ४-३-२-१ असे शॉट लहान होत आले की थांबलेलं नाव उलट जोरात आदळतं.

खात्री करायची तर पुस्तकाबद्दल काही माहीत नसलेल्या तिघांना फोन द्या, आवाज बंद ठेवा, एकदाच दाखवा. मग कादंबरीचं नाव विचारा. एकालाही अडखळायला झालं तर कार्ड वाढवा. अक्षरं वाचूनही नाव चुकत असेल तर सुलेखनकाराशी बोला, तो प्रश्न माझ्या हातातला नाही.

दहा सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं वापरता येतं आणि श्रेय दिलं की पुरतं, असं ऐकलं. खरं आहे का?

खोटं. सेकंदांची अशी कोणतीही सरसकट सूट नाही, आणि श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. गाण्याची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क असतात, दोन्हींची परवानगी लागते. यूट्यूबची Content ID यंत्रणा काही सेकंदांचा तुकडाही ओळखू शकते. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट असंही नाही, दर वापराला वेगळी रॉयल्टी नाही इतकंच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात NC असेल तर तो व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि पुस्तक विकण्याची जाहिरात व्यावसायिकच धरून चाला. ND असेल तर ते संगीत चित्राशी जुळवून बसवणंही चालत नाही, कारण परवान्याच्या भाषेत ते रूपांतर ठरतं. सिनेमातले शॉट उचलण्याबद्दल तर विचारूच नका. परवान्याची प्रत जपून ठेवा, आणि शंका असेल तर प्रकाशित करण्याआधी कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

प्रकाशन पॅकेजमध्ये 'सिनेमॅटिक ट्रेलर' मोफत मिळतोय. घ्यावा का?

आधी त्यांनी इतरांसाठी केलेले तीन ट्रेलर मागून घ्या आणि शेजारी शेजारी लावून पाहा. उडणारे पक्षी, धुकं, पानं उलटणारं पुस्तक आणि तोच जाड आवाज तिन्हींत दिसला, तर तुम्हाला चौथा मिळणार आहे. अशा टेम्प्लेटमध्ये कार्डांचा वेळ आधीच ठरलेला असतो. तुमचं नाव दोन शब्दांचं असो की सहा, अडीच सेकंदच. वेळ बदलून मिळेल का, प्रोजेक्ट फाइल तुमच्या ताब्यात येईल का आणि चित्रण, संगीत, फॉन्ट यांचे परवाने कुणाच्या नावावर असतील, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं तर करार जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

पुस्तक चार दिवसांत येतंय. एवढ्यात ट्रेलर होईल का?

नाही. मुखपृष्ठ, एक ओळ आणि नाव असा पंधरा सेकंदांचा टीझर करा, त्यात नाव पाच सेकंद ठेवा. महिनाभरानं संहिता घेऊन या, मग बोलू.