व्हिडिओचे फ्रेम मोजून स्पीडरनचा वेळ कसा तपासायचा?

प्रश्न: ओळखीतल्या एकाने सुपर मारिओ ब्रदर्स (जुना निन्टेन्डोवाला) ४:५७.४ मध्ये संपवला म्हणून व्हिडिओ टाकलाय. फ्रेम बाय फ्रेम बघून हे खरं की खोटं कळतं का? मी मोजले तर वेगळाच आकडा येतोय.

कळतं, पण आधी एक गोष्ट. आकडा वेगळा आला म्हणजे समोरचा चोर असं लगेच धरू नका, मी एकदा धरलं होतं आणि तोंडावर पडलो होतो. ती केस तुमच्यासारखीच होती, दावासुद्धा ४:५७.४००च, म्हणून तीच सांगतो.

या गेममध्ये १-१ ला टायमरवर ४०० दिसतं तो पहिला फ्रेम ही सुरुवात, आणि ८-४ ला मारिओ कुऱ्हाडीला टेकतो तो फ्रेम शेवट. व्हिडिओ mpv मध्ये उघडा, `.` दाबलं की एक फ्रेम पुढे, `,` दाबलं की एक मागे. मला सुरुवात १५३२ व्या फ्रेमला मिळाली आणि शेवट १९३७६ ला, म्हणजे १७८४४ फ्रेम. भाऊसाहेबांनी त्याला सरळ ६० ने भागलं होतं, म्हणून २९७.४ सेकंद. पण फाईल ६० ची नव्हतीच, ५९.९४ ची होती, बहुतेक कॅप्चर कार्डं तशीच रेकॉर्ड करतात. त्याने भागलं की ४:५७.६९७ येतं. दिसायला फरक चिल्लर, पण पाच मिनिटांच्या रनमध्ये जवळजवळ ०.३ सेकंद हवेतून कमावले गेले. (गेम स्वतः सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम पळतो, त्याने भागलं तर अजूनच भारी रेकॉर्ड होतो, तेही करणारे असतात. तुम्हाला मोजायचेत ते व्हिडिओचे फ्रेम, गेमचे नाही.)

इथपर्यंत मी खुश होतो, मग म्हटलं कुठे कट मारलाय का बघू. याला या गेममध्ये एक मस्त ट्रिक आहे, फ्रेमरूल. लेव्हल संपली तरी पुढची लगेच लोड होत नाही, गेम दर २१ फ्रेमला एकदाच गेट उघडतो असं समजा, बस स्टॉपवर लवकर पोचलात तरी बस वेळेवरच सुटणार तसं. त्यामुळे एकच लेव्हल दोन वेगवेगळ्या रनमध्ये सुरुवातीपासून पुढची सुरू होईपर्यंत मोजली तर फरक ०, २१, ४२ असाच यायला पाहिजे, एखादा फ्रेम इकडेतिकडे चालतो कारण रेकॉर्डिंगमध्ये साधारण दर सहा सेकंदाला गेमचा एक फ्रेम गळतोच. शेवटच्या ८-४ ला मात्र हा नियम लागू नाही, आणि मध्ये पॉज केलं असेल तरी हिशोब बिघडतो. मी एक आधीच तपासलेला रन शेजारी ठेवला. सगळ्या लेव्हल बरोबर बसल्या आणि ८-२ मध्ये फरक आला ८. मी म्हटलं सापडला!

मग ८-२ सावकाश बघितली. गेमचा टायमर दर २४ फ्रेमला एकाने उतरतो, इथे एके ठिकाणी तो ११ फ्रेममध्येच उतरला आणि त्याच क्षणी पळणारा मारिओ एका फ्रेममध्ये ३५ पिक्सेल पुढे गेला, एरवी फुल स्पीडला अडीच जातो. म्हणजे १३ फ्रेम गायब. पण म्युझिक? एकदम सलग, कुठे टक नाही की सूर तुटलेला नाही. कट मारला असता तर आवाजही कापला गेला असता ना. म्हणून मग फाईलमधले टाइमस्टॅम्प काढले:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 run.mp4
```

नेमक्या त्याच जागी दोन फ्रेममधलं अंतर नेहमीच्या ०.०१७ ऐवजी ०.२३ सेकंद होतं. त्याच्या लॅपटॉपला रेकॉर्डिंग झेपलं नव्हतं, तेवढे फ्रेम लिहिलेच गेले नाहीत. आता ८ मध्ये ते १३ मिळवा, बरोबर २१, म्हणजे बिचाऱ्याची ८-२ मध्ये एक बस चुकली होती, बाकी काही नाही. आणि खरा वेळ म्हणजे शेवटच्या फ्रेमचा टाइमस्टॅम्प वजा पहिल्याचा, तो आला ४:५७.९१४. रन खरा, आकडा चुकीचा. मी मात्र तोवर ग्रुपवर त्याला फेकू म्हणून बसलो होतो, जाहीर माफी मागावी लागली 😅

तर तुम्ही फ्रेम मोजत बसण्याआधी टाइमस्टॅम्पच काढा. व्हिडिओ ३० चा असेल तर अर्धे फ्रेम त्यात नसतातच, मग दोन्ही टोकांना एकेका फ्रेमची शंका धरून चाला. आणि कोणी लेव्हलच्या मधल्या काळ्या स्क्रीनवर, जिथे म्युझिकही नसतं, नेमका २१ च्या पटीत कट मारला तर वरचं काहीच त्याला पकडणार नाही, तिथे मग स्कोअर आणि कॉइनचा आकडा मागच्या लेव्हलच्या शेवटाशी जुळतो का ते बघायचं आणि त्याच्याकडे मूळ, एडिट न केलेली फाईल मागायची.