सावलीवरून कार्टून ओळखताना नेमकं काय बघायचं?

प्रश्न: कोड्यात कार्टूनची नुसती काळी सावली किंवा कापलेला तुकडा देतात. माझी मुलगी झटकन नाव सांगते, मला मात्र मिकी सोडून कोणी ओळखू येत नाही. नेमकं काय बघायचं?

उत्तर: काळ्या सावलीत आपण सवयीने डोळे-तोंड शोधायला जातो आणि तिथेच फसतो, कारण ते तिथे नसतातच. मी आधी डोकं किती मोठं आहे ते बघतो. हनुवटीपासून टाळूपर्यंतचं अंतर स्क्रीनवर बोटांच्या चिमटीत धरायचं आणि पूर्ण उंचीत ते किती वेळा बसतं ते मोजायचं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते साधारण सात-साडेसात वेळा बसतं. डोरेमॉनच्या बाबतीत जेमतेम दोनदा. या एका मापाने अर्धी नावं बाद होतात.

मग बाह्यरेषेतून बाहेर काय काय आलंय ते बघा: कान, केस, शेपटी, रिबन. त्यांची संख्या महत्त्वाची आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कुठून निघतात आणि कुठल्या दिशेला जातात. डोरेमॉन आणि त्याची बहीण डोरामी यांची अंगकाठी सावलीत जवळजवळ सारखीच दिसते: गोल डोकं, पिंपासारखं अंग, चेंडूसारखे हात, आखूड पाय. पण डोरेमॉनचं टाळकं गुळगुळीत असतं (त्याचे कान उंदराने कुरतडले ना!) आणि डोरामीच्या डोक्यावर मोठी रिबन असते, ती सावलीत दोन फुगवट्यांसारखी दिसते. आकृती पाठमोरी किंवा बाजूने असेल तर शेपटी बघा. डोरेमॉनच्या शेपटीच्या टोकाला गोळी असते, डोरामीच्या शेपटीला फूल. समोरून शेपटी अंगामागे लपते, तेव्हा रिबनवरच भिस्त ठेवावी लागते.

दिशेचं महत्त्व 'द सिम्पसन्स'मधल्या भावंडांत छान कळतं. बार्ट आणि लिसा दोघांच्याही केसांना टोकं आहेत, दोघांचेही केस कातडीच्याच पिवळ्या रंगाचे. त्यामुळे रंगीत तुकडा मिळाला तरी रंग कामाला येत नाही. बार्टचं डोकं डब्यासारखं, दोन्ही बाजू जवळपास सरळ उभ्या. टोकं फक्त वरच्या कडेला ओळीत, एकूण नऊ. लिसाची टोकं चांदणीसारखी चोहोबाजूंनी पसरतात, काही तर खाली झुकतात. तुकड्यात आडवं किंवा खाली वळलेलं टोक दिसलं तर बार्टचं नाव सोडून द्या. तो तुकडा धाकट्या मॅगीचाही असू शकतो, कारण तिचे केस लिसासारखेच आहेत. तिच्या केसांत मात्र बो असतो.

कापलेल्या तुकड्याची गोष्ट वेगळी. तो किती मोठा करून दाखवलाय हे कळत नाही, म्हणून प्रमाण मोजता येत नाही. अशा वेळी बाह्यरेषेची जाडी बघायची. रेघ बोटाएवढी जाड दिसत असेल तर तो मूळ चित्राचा अगदी छोटा भाग आहे, संपूर्ण कान वगैरे समजू नका. मग वक्र रेघ मनातल्या मनात पुढे वाढवा: ती लवकर मिटून गोल होते की लांबवर जाते?

एक तुकडा घेऊ. त्यात मुख्यतः निळा, पांढरा आणि लाल हे रंग आहेत. पटकन डोरेमॉन म्हणावंसं वाटतं, पण पापा स्मर्फचेही हेच रंग: निळी कातडी, पांढरी दाढी, लाल टोपी आणि विजार. इथे रंग नव्हे, रंगांमधली सीमा बघायची. लाल भाग दोन्हीकडे समांतर कडा असलेली पट्टी असेल, किंचित वाकलेली, तर तो डोरेमॉनचा गळपट्टा. पिवळ्या घंटीचा कोपरा दिसला तर शंकाच नको. पांढऱ्या भागाची कड वळणावळणाची, फुगीर असेल तर ती दाढी. आणि निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर एकमेकांना चिकटलेले दोन उभे पांढरे लंबगोल असतील तर ते डोरेमॉनचे डोळे.

मिकी तुम्हाला ओळखू येतो त्याचं कारण त्याच्या चित्रकारांनी केलेली एक सोय आहे. त्याने मान कुठेही वळवली तरी पारंपरिक चित्रांत कान गोलच काढतात. खरे कान बाजूने चपटे दिसले असते. ही सवलत बहुतेक पात्रांना नाही, म्हणून सावली कुठल्या बाजूने घेतली आहे हे नाव सांगण्याआधी ठरवा. पोकेमॉनमधली जिग्लीपफ वरून दाखवली की कान आणि झुलूप गोलात विरून जातात आणि उरतं नुसतं वर्तुळ. अशा सावलीवरून नाव ठरवताच येत नाही; तिथे मुलगीही अंदाजच करत असणार.