लिव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा? सही करण्याआधी वाचा

तुम्ही कोपरखैरण्यात 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर फ्लॅट घेताय. त्यात तुम्ही 'भाडेकरू' नाही, 'लायसन्सी' आहात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. भाडेपट्ट्यात जागेवर तुमचा हक्क निर्माण होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू असलेल्या घरातला भाडेकरू भाडं वेळेवर देत असेल, तर मुदत संपली एवढ्यावर त्याला काढता येत नाही. मालकाला कायद्यातलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. लायसन्समध्ये मात्र फक्त राहण्याची परवानगी मिळते.

समजा भाडं 20,000 आहे आणि करार 31 मार्चला संपला. तुम्ही मे अखेरपर्यंत तिथेच राहिलात, तर याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि दुप्पट दराने, म्हणजे महिन्याला 40,000 नुकसानभरपाई मागू शकतो. दोन महिन्यांचे 80,000. तुमचं डिपॉझिट तिथेच संपेल. 'मी खरं तर भाडेकरू आहे' हा बचावही सहसा टिकत नाही, कारण लेखी लायसन्स करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा धरला जातो.

म्हणून तुमचं संरक्षण करारातल्या ओळींतच आहे. मुदतीआधी घर सोडायला लावायचं तर किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट कधी परत, हे स्पष्ट लिहून घ्या. नोंदणीचा आग्रह धरा. ती करून घेणं कलम 55 नुसार मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.