एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून गेले : पत्र आजच द्या

प्रश्न : गुरुवारी, 12 फेब्रुवारीला रात्री दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून दहा हजार काढायला गेलो. मशीन खडखडलं, नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज लगेच आला. शुक्रवारी ज्यांचं एटीएम आहे त्या बँकेत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘पाच दिवस थांबा, आपोआप येतील.’ पावती निघाली होती, ती मी तिथल्याच डब्यात टाकली. आज रविवार. थांबू की पत्र देऊ? आणि हे पाच दिवस कामकाजाचे धरायचे का?

उत्तर : पत्र आजच द्या, आणि ते तुमच्या बँकेला द्या. शुक्रवारची फेरी वाया गेली. ज्या बँकेचं एटीएम आहे तिच्याकडे तुमचं खातंच नाही, त्यामुळे तिथे तोंडी सांगितलेलं कुठल्याही वहीत चढलेलं नसणार. तुमचं कार्ड ज्या बँकेचं, ती तुम्हाला जबाबदार. एटीएमवाल्या बँकेकडून पैसे वसूल करणं हा त्या दोन बँकांमधला मामला आहे.

तुमचं सगळं प्रकरण एका कलमावर उभं आहे. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे. खात्यातून रक्कम गेली आणि एटीएममधून नोटा आल्या नाहीत, तर बँकेने ती रक्कम जास्तीत जास्त ‘टी+5’ दिवसांत स्वतःहून परत जमा करायची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात टाकायची. रक्कम पाचशे असो की दहा हजार, भरपाई शंभरच. यातला ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा दिवस, आणि तो कॅलेंडरच्या तारखेने मोजायचा असं परिपत्रकातच म्हटलंय.

म्हणजे हिशोब असा. 12 तारीख हा टी. 13 हा पहिला दिवस, 14 दुसरा, 15 तिसरा, 16 चौथा, 17 पाचवा. मंगळवारी, 17 तारखेला मुदत संपते. कामकाजाचे दिवस धरले असते तर 14 चा दुसरा शनिवार आणि 15 चा रविवार गळाला असता आणि मुदत 17 च्या पुढे गेली असती. काउंटरवर बरेचदा हाच हिशोब सांगितला जातो, कारण 2011 च्या जुन्या नियमात तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाचे दिवस असे शब्द होते. त्या वेळी भरपाईसाठी व्यवहारापासून तीस दिवसांच्या आत दावाही करावा लागे. नियम बदलून वर्षं लोटली तरी काउंटरवरच्या काही मंडळींच्या तोंडातून सात दिवस जात नाहीत. वाद घालत बसू नका, पत्रात तारीख लिहा.

आता तुम्ही म्हणाल, बँकेने स्वतःहूनच द्यायचं आहे तर पत्र कशाला? भरपाईसाठी तक्रारीची अट नाही, हे खरं. पण पैसे आलेच नाहीत, किंवा ‘व्यवहार यशस्वी झाला’ असं उत्तर आलं, तर पुढची पायरी म्हणजे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याशिवाय तो दार उघडत नाही. एकात्मिक लोकपाल योजनेप्रमाणे बँकेने तक्रार फेटाळली, अर्धवट उत्तर दिलं किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर तिकडे जाता येतं. हे तीस दिवस व्यवहारापासून मोजत नाहीत, तुमच्या तक्रारीपासून मोजतात. आज ई-मेल केलात तर ते 17 मार्चला पुरे होतील. ‘बघू, येतील’ म्हणत 25 फेब्रुवारीपर्यंत थांबलात, तर स्वतःच्याच हाताने दहा दिवस मागे गेलात. बहुतेकांच्या तक्रारी इथेच रखडतात.

लेखी म्हणजे कागदच हवा असं नाही. तक्रार केल्याचा पुरावा दाखवता आला की दुसऱ्या मार्गाने केलेली तक्रारही चालते. कॉल सेंटरला फोन करून तक्रार क्रमांक घेतला आणि तो एसएमएसने आला, तर तोही पुरावाच. तरी ई-मेल करा, आणि सोमवारी शाखेत त्याचीच छापील प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेली पोच म्हणजे पोच नव्हे.

पत्र लांबवू नका. साधारण असं लिहा :

‘माझ्या बचत खाते क्रमांक … मधून 12 फेब्रुवारी रोजी रात्री 9.40 वाजता … बँकेच्या … येथील एटीएमवर (एटीएम क्रमांक …) 10,000 रुपये काढण्याचा प्रयत्न केला. नोटा मिळाल्या नाहीत, मात्र रक्कम खात्यातून वजा झाली. व्यवहाराचा आरआरएन क्रमांक … आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम 17 फेब्रुवारीपर्यंत परत जमा होणे आवश्यक आहे. तोपर्यंत जमा न झाल्यास 18 फेब्रुवारीपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज 100 रुपये भरपाईही खात्यात जमा करावी. सदर एटीएमचे 12 फेब्रुवारी रात्री 9.30 ते 10 या वेळेतील सीसीटीव्ही चित्रण, इलेक्ट्रॉनिक जर्नल आणि त्या दिवसाचा रोख ताळेबंद जतन करण्यास संबंधित बँकेला कळवावे. सोबत खाते उतारा व एसएमएसची प्रत.’

वेळ आणि ठिकाण तुमचं टाका. पावती तुम्ही कचऱ्यात टाकलीत, हे काही शहाणपण नव्हे. तिच्यावर एटीएम क्रमांक, वेळ आणि व्यवहार क्रमांक एका जागी असतात आणि काही वेळा व्यवहार का फसला त्याचा कोडही असतो. आता हे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागतील. एटीएम क्रमांक मशीनवर किंवा केबिनमध्ये लिहिलेला असतो. जाऊन फोटो काढा. आरआरएन हा बारा आकडी क्रमांक खाते उताऱ्यातल्या नोंदीत सापडतो, नसल्यास शाखेतून मागा. वेळ एसएमएसवरून घ्या. कार्डाचा पूर्ण नंबर कुठेही लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात.

एका शब्दापासून जपा. पत्रात किंवा पोर्टलवर ‘फसवणूक’ किंवा ‘अनधिकृत व्यवहार’ असं काही निवडू नका. कार्ड तुमचंच होतं, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुम्हीच सुरू केला. अनधिकृत व्यवहारांचे नियम वेगळे आहेत, त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. त्या खान्यात तक्रार पडली की बँक पोलीस तक्रारीची प्रत मागू लागते, कार्ड बंद करते आणि मूळ मुद्दा आठवडाभर भलत्याच विभागात फिरतो. ‘रक्कम वजा, रोकड मिळाली नाही’ अशा अर्थाचा पर्याय पोर्टलवर बहुधा असतो, तोच निवडा.

जर्नल म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली व्यवहारांची नोंद. ते आणि सीसीटीव्ही आत्ताच का मागायचं, हे समजून घ्या. पुष्कळदा मशीन नोटा देऊ शकलं नाही की स्वतःच उलट संदेश पाठवतं आणि पैसे काही मिनिटांत परत येतात. मध्येच लाइन तुटली तर तो संदेश पोहोचत नाही. मग मशीनमधल्या रोकडीचा ताळा घेतला की तुमचे दहा हजार जास्तीचे निघतात आणि रक्कम परत होते. यात फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती नोटा फटीपर्यंत येऊन अडकल्या असतील तर. तुम्ही निघून गेल्यावर झडप उघडली आणि मागच्या माणसाने त्या उचलल्या, तर मशीनच्या दृष्टीने नोटा दिल्या गेल्या. जर्नल ‘यशस्वी’ दाखवतं, ताळ्यात जास्तीची रोकड निघत नाही, आणि बँक तेवढ्यावर तक्रार फेटाळते. मग तुम्ही रिकाम्या हाताने गेलात हे फक्त कॅमेरा सांगू शकतो. म्हणून पत्रात तुमच्या व्यवहारानंतरची वीसेक मिनिटंही धरली आहेत. चित्रण कायम ठेवत नाहीत, त्यावर नवं चढत जातं. पत्राची एक प्रत एटीएमवाल्या बँकेलाही पाठवा, पण फक्त चित्रण जतन करण्यापुरती. पैसे तिच्याकडे मागू नका.

ही कागदपत्रं तुमची बँक तुमच्या हातात देईलच, असं मी सांगू शकत नाही. पण ती वेळेत मागितली होती आणि बँकेने जपली नाहीत, हे लोकपालापुढे किंवा ग्राहक आयोगापुढे तुमच्या बाजूने मांडता येतं. आयोगांचे निकाल अशा बाबतीत एकाच बाजूचे नाहीत, त्यामुळे खात्री कुणी देऊ नये. आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण दहा हजारांसाठी तारखांच्या त्या रांगेत आधी उभे राहू नका. लोकपालाकडे फी नाही, तक्रार cms.rbi.org.in वर भरता येते आणि वकिलामार्फत ती चालत नाही. तिथेही अर्ज करायला मुदत असते. योजना सुधारली की असे तपशील बदलतात, म्हणून भरण्याआधी त्या वेळची योजना वाचा.

पैसे आले तर दोन गोष्टी पाहा. पहिली, जमा तात्पुरती आहे का? काही बँका रक्कम आधी टाकतात, आणि एटीएमवाल्या बँकेचं ‘यशस्वी’ असं उत्तर आलं की परत काढून घेतात. ‘ही जमा अंतिम आहे का’ असं ई-मेलनेच विचारा. दुसरी, उशिराची भरपाई. समजा रक्कम 27 फेब्रुवारीला आली, तर 18 पासून दहा दिवस झाले, म्हणजे 1,000 रुपये मूळ रकमेवर वेगळे जमा दिसायला हवेत. मूळ रक्कम टाकून भरपाई विसरणं ही बँकांची नेहमीची सवय आहे. न दिसल्यास त्याच तक्रार क्रमांकाखाली एका ओळीचं स्मरणपत्र द्या. शाखेत कुणी ‘तक्रार मिटली’ असं लिहून सही मागितली, तर भरपाई खात्यात दिसेपर्यंत सही करू नका.