मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला राजीनाम्याचा मसुदा मी लक्षपूर्वक वाचला. नोकरी सोडावी की नाही, या प्रश्नात मी पडत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले आहेत आणि महसूल सहायकाचे टेबल सांभाळून रोज उत्तरलेखनाचा सराव होत नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. मी अस्वस्थ झालो तो तुझ्या शेवटच्या वाक्याने : ‘सोमवारपासून मी कार्यालयात उपस्थित राहणार नाही.’

राजीनामा देणे आणि राजीनामा मंजूर होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. मंजुरीचा आणि कार्यमुक्तीचा आदेश हातात येईपर्यंत तू शासनाची कर्मचारी आहेस आणि तोवर हजेरीपटावर तुझी सही पडलीच पाहिजे.

मी अनेक वर्षे आस्थापना शाखेत काम केले, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे. एका तालुक्याच्या कचेरीतील हुशार लिपिकाने असाच अर्ज आवक टेबलावर ठेवला आणि तो थेट पुण्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसला. अर्ज तहसीलदारांच्या नावे होता. नियुक्ती मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली होती, त्यामुळे मंजुरीचा अधिकारही त्यांचाच होता. अर्ज तालुक्यातच पडून राहिला आणि हजेरीपटावर गैरहजेरी मांडली जाऊ लागली. नोटिसा जुन्या पत्त्यावर जाऊन परत आल्या, विभागीय चौकशी एकतर्फी झाली आणि शेवटी बडतर्फीचा आदेश निघाला. शिस्त व अपील नियमांप्रमाणे बडतर्फी ही पुढील शासकीय नोकरीला सर्वसाधारणपणे अपात्रता ठरते. पुढे त्याची एका पदावर निवड झाली, तेव्हा साक्षांकन नमुन्यात पूर्वीच्या शासकीय सेवेची माहिती द्यावी लागली आणि ती निवड टिकली नाही. त्याच्या गैरहजेरीच्या फायलीवरची पहिली टिप्पणी मी लिहिली होती. समोर असलेल्या कागदांवरून दुसरे काही लिहिता येत नव्हते आणि आजही मी तेच लिहीन. पण एवढ्या अभ्यासू मुलाला वेळेवर हे सांगणारे कोणी भेटले नाही, याची खंत मला आजही आहे.

आता तुझा मसुदा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून, तहसीलदारांमार्फत लिही. वरिष्ठांनी दिलेल्या त्रासाचा संपूर्ण परिच्छेद काढून टाक. तक्रार करायची असेल तर ती स्वतंत्र अर्जाने कर, कारण राजीनाम्यात आलेली तक्रार चौकशीचा विषय होते आणि मंजुरी अडते. ‘निवड न झाल्यास मला पुन्हा सेवेत घ्यावे’ हे वाक्य तर अजिबात नको. अटीचा राजीनामा मंजूर करता येत नाही. तो त्रुटी काढून परत येईल आणि तुझे आठवडे वाया जातील. ‘वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तो अमुक दिनांकाच्या कार्यालयीन वेळेनंतर मंजूर करून मला कार्यमुक्त करण्यात यावे, ही विनंती’, एवढे पुरेसे आहे. दिनांक ठरवण्यापूर्वी नियुक्ती आदेश काढून त्यातील नोटिशीची अट वाच. ती महिन्याची असेल तर महिना मोजून पुढची तारीख घाल.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. मग प्रकरण जिल्ह्याला कोणत्या पत्राने गेले, हे स्वतः विचार. पतसंस्थेचे कर्ज, अग्रिम, येणे बाकी यांचा निपटारा याच काळात कर, कारण ना देय प्रमाणपत्रावाचून फाईल हलत नाही. प्रलंबित प्रकरणांची यादी करून कार्यभार लेखी सोपव आणि सेवापुस्तकातील नोंदी पूर्ण करून घे. तुला हा सारा वेळखाऊपणा वाटेल, ‘माझे दिवस चालले आहेत’ असे तू म्हणशील. जाऊ देत. मंजुरी येईपर्यंत टेबलावर बस आणि रात्री वाच.

एक गोष्ट मात्र अर्ज देण्यापूर्वी तपासून पाहा. शिल्लक अर्जित रजा आणि त्यानंतर असाधारण रजा मिळण्यासारखी असेल तर आधी ती माग. ती हक्काने मिळत नाही आणि असाधारण रजेत वेतनही नसते, पण नाव पटावर राहते. कार्यालयाची परवानगी घेऊन परीक्षा दिली आणि निवड झाल्यावर नव्या पदासाठी राजीनामा दिला, तर मागील सेवा आणि वेतन सांभाळण्याचा मार्ग खुला राहतो. आज दिलेल्या राजीनाम्याने तो बंद होतो. रजा नाकारली गेली, तर मग राजीनामा दे, मी अडवणार नाही.

सुधारलेला मसुदा सही करण्यापूर्वी मला पाठव. सोमवारी मात्र नेहमीच्या वेळेला कार्यालयात जा.

तुझा हितचिंतक