पुढच्या काचेला तारा, दाराच्या काचेचे दाणे: फरक कुठे आहे?

प्रश्न: धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याजवळ डंपरच्या चाकातून खडी उडाली आणि समोरच्या काचेवर रुपयाएवढा तारा उमटला. अजून वाढलेला नाही. गेल्या महिन्यात डावं दार आपटलं, तर त्याची काच ठो करून फुटली, नुसते दाणे. एकाच गाडीच्या दोन काचा अशा वेगळ्या का? समोरची बदलू का?

उत्तर: भाऊ, बदलायची घाई करू नका, पण उन्हात गाडी उभी करायच्या आधी हे वाचा.

समोरची काच लॅमिनेटेड असते. साधारण 2-2 मिलिमीटरच्या दोन साध्या काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. खडी लागते तेव्हा बाहेरची काच तडकते, पण तडा पापुद्र्यापाशी थांबतो आणि आतली काच शाबूत राहते. खात्री करायची असेल तर गाडीत बसून ताऱ्याच्या मागून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर इजा फक्त बाहेरच्या थराला आहे. मोठा मार बसला, म्हणजे डोकं आपटलं किंवा फांदी पडली, तर काच वाकते. आधी मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेघा पडतात, मग त्यांना जोडणारी वर्तुळं, आणि कोळ्याचं जाळं तयार होतं. तरीही तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात.

दाराची काच मात्र एकसंध, 3 ते 4 मिलिमीटरची, टफन्ड. ती सुमारे 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग नंतर आकसतो. त्यामुळे वरचे थर कायम दाबले जातात आणि गाभा कायम ताणलेला राहतो. दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या भागाएवढा असतो. ओरखडा तेवढ्यात राहिला तर काही होत नाही. तो ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोचला, की साठलेली सगळी ताकद एकदम सुटते आणि काच क्षणात बोथट दाण्यांची होते. धारदार सुऱ्या होऊ नयेत म्हणूनच दारांना ही काच.

मग दार आपटल्यावर ती का फुटावी? आपटणं बहुधा निमित्त होतं. या काचेचा नाजूक भाग म्हणजे कडा. खालची कड दारात लपलेली असते, काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या पकडीत. पकड सैल झाली, बोल्ट घासला, किंवा आपल्याकडची धूळ-वाळू रबरी खाचेत अडकली, तर कडेला बारीक टवका पडतो आणि पुढचा एखादा हादरा पुरेसा होतो.

आता मे महिन्याची गंमत बघा. टफन्ड काच तापमानातला दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. साधी काच चाळीसेक अंशांच्या फरकालाच तडकू शकते, आणि समोरची काच दोन साध्या काचांचीच आहे. भुसावळ-जळगावच्या उन्हात हात टेकवत नाही अशा काचेवर आतून एसीचा थंड झोत, किंवा बाहेरून बादलीभर पाणी, की ताऱ्याचं टोक सरकतं आणि रेघ कडेपर्यंत जाते. म्हणून तोवर एसीची हवा काचेवर न सोडता अंगावर घ्या, गाडी सावलीत ठेवा. ताऱ्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, धुऊ नका. आत धूळ-पाणी शिरलं की दुरुस्ती नीट बसत नाही.

रुपयाएवढा तारा, फक्त बाहेरच्या थरात, कडेपासून दूर आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून काम होतं. कारागीर आधी तड्यातली हवा आणि ओल ओढून काढतो, मग दाबाने रेझिन घालतो, अतिनील दिव्याखाली काही मिनिटं घट्ट करतो आणि वरचं जादा ब्लेडने खरवडतो. हे भर उन्हात करू देऊ नका: उन्हातच अतिनील किरणं असल्याने रेझिन आत पोचण्याआधीच गोठतं. पुसट डाग राहील, तडा थांबणं महत्त्वाचं. रेघ कडेला पोचली असेल किंवा आतली काचही तडकली असेल, तर मात्र बदलाच. टफन्ड काच दुरुस्त होत नाही, तिला भोक पाडता येत नाही की घासून लहान करता येत नाही.

डाव्या दाराला नवी काच बसवताना आतलं पॅनल उघडून दाण्यांचा खच व्हॅक्यूमने पूर्ण काढून घ्या. हे काम अनेकदा उरकून टाकलं जातं. दाणे खाली साचले तर दाराची पाणी जायची भोकं बुजतात, आणि खाचेत अडकलेला एखादा दाणा नव्या काचेची कडही तशीच खरवडतो.